बादली भरेपर्यंत

आमच्या घरात बरीच वर्षं वेळेचं एकक बादली हे होतं. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवायची आणि नळ पूर्ण सोडायचा. ती भरेपर्यंत सौ. कणीक मळून घ्यायची, मी पेपरातलं शब्दकोडं निम्म्यावर आणायचो आणि देवघरात आईची रामरक्षा पूर्ण व्हायची. आईची फलश्रुती आणि आमची बादली दोन्ही एकदमच काठाला यायच्या. आई याचं श्रेय स्तोत्राला द्यायची.

वास्तविक ते श्रेय गंजाचं होतं.

आमची इमारत १९७४ सालची. पुण्यात या वयाच्या इमारतीला नवी म्हणणारी माणसंही आहेत, पण ती वाड्यात राहिलेली आहेत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, गच्चीवर टाकी आणि भिंतींच्या पोटात जीआय पाइप. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सकाळी पहिला नळ सोडला की आधी तो खोकायचा, मग थुंकल्यासारखा करायचा आणि मग चहाच्या रंगाचं पाणी यायचं. मिनिटभर ते तसंच वाहू दिलं की पुढे स्वच्छ. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, “पहिलं पाणी सोडून द्या हं,” इतक्या सहजपणे, की जणू पहिल्या धारेचं पाणी सोडून देणं हा आमचा कुळाचार आहे.

पाणी कमी येतं याचं खापर कोणावर फोडायचं, याचा प्रत्येक घरात एक क्रम ठरलेला असतो. आमच्याकडे आधी महापालिका, मग वॉचमन, मग वरच्या मजल्यावरचे लोक आणि शेवटी नळ. पहिल्या तिघांना बदलणं शक्य नसल्यामुळे आम्ही दरवेळी नळ बदलत आलो. दहा वर्षांत न्हाणीघराला तीन नळ झाले. शेवटचा तर असा चकचकीत होता की त्यात दाढी करता आली असती. बादलीला मात्र तेवढीच रामरक्षा लागायची.

चौथ्या नळाच्या वेळी आमचे प्लंबर मामा म्हणाले, “काका, नळ देतो बसवून. माझं काय जातंय? पण एकदा बादली लावून घड्याळ बघा.”

“ते तर आम्ही रोजच बघतो.”

“रोज एकाच नळाचं बघता. सगळ्या नळांचं बघा.”

त्या रविवारी मी वही, मोबाइलमधलं घड्याळ आणि बादली घेऊन घरभर फिरलो. सौ. बघत राहिली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की बायका विचारत नाहीत. निकाल असा लागला. गॅलरीतला नळ, जिथे गच्चीवरून उतरणारा पाइप आमच्या घरात शिरतो: एक मिनिट पन्नास सेकंद. न्हाणीघरातलं गार पाणी: सहा मिनिटं. न्हाणीघरातलं गरम: नऊ मिनिटं. स्वयंपाकघरातला नळ, जो या ओळीत सर्वांत शेवटी: साडेसात.

मामांनी वहीकडे डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टकडे बघतात तसं पाहिलं आणि निदान सांगितलं. गॅलरीत पाणी धो धो येतंय, म्हणजे टाकी ठीक, गच्चीवरून येणारा पाइपही ठीक. जे काय बिघडलंय ते गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत. म्हणजे महापालिका, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे लोक या सगळ्यांची मला मनातल्या मनात माफी मागावी लागणार होती. वॉचमनची मागितली. बाकीच्यांचं बघू.

मामांनी आणखी दोन परीक्षा करून दाखवल्या. त्या मी नंतर निम्म्या सोसायटीला करून दाखवल्या, कारण त्यांना खर्च काही नाही. पहिली अशी: नळ अर्धा तास बंद ठेवायचा आणि मग एकदम पूर्ण उघडायचा. आमच्या नळातून पहिले दोन क्षण जोरदार धार आली आणि लगेच करंगळीएवढी झाली. बंद नळामागे पाणी उभं असतं तेव्हा त्याला टाकीच्या उंचीएवढा पूर्ण दाब मिळतो, पाइप कितीही चोंदलेला असला तरी. चोंदलेपण कळतं ते पाणी वाहायला लागल्यावर. म्हणून नुसता दाब मोजून “प्रेशर तर बरोबर आहे” म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. दुसरी परीक्षा: न्हाणीघरातला नळ चालू ठेवून स्वयंपाकघरातला सोडायचा. पहिल्याची धार मान टाकते का ते बघायचं. आमच्याकडे ती परीक्षा रोज सकाळी आपोआप व्हायची आणि न्हाणीघरातून तिचा निकाल ओरडून जाहीर केला जायचा.

रंगाचंही शास्त्र आहे. लाल पाणी मिनिटभर येऊन थांबत असेल तर गंज आपल्याच पाइपातला, रात्रभर पाणी त्यात मुरलंय. तासाभरानंतरही लालच येत असेल तर टाकीत डोकावावं. फक्त गरम नळाला लाल येत असेल तर गिझर किंवा गिझरपासूनचा पाइप. आमचं मिनिटभर यायचं, दोन्ही नळांना. घराणं एकच होतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तळमजल्यावरच्या निवृत्त काकांच्या कानावर ही बातमी गेली.

काकांची मुलगी अमेरिकेत मिशिगनला असते. त्याच राज्यातल्या फ्लिंट नावाच्या गावात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्यात पाइपाचं अस्तर राखणारं रसायन घातलं गेलं नाही, आणि जुन्या शिशाच्या नळ्यांतलं शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. शिकागोत तर १९८६ पर्यंत घराला जोडणारी नळी शिशाचीच असावी असा नियम होता, हेही त्यांनी मला जिन्यात उभं करून सांगितलं. शेवटी म्हणाले, “प्लंबर हा शब्द कशावरून आला माहीत आहे? प्लंबम. लॅटिनमध्ये शिसं. तुमच्या मामांच्या नावातच विष आहे.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. शिशाला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळलं तर वाफ उडते आणि शिसं तिथेच राहतं, म्हणजे उकळून उलट दाटच होतं. लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत वाईट. आमच्याकडे नात सुट्टीत येते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं असं आपलं भारतीय मानकही सांगतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन हजर. त्यांच्या फ्रिजवरचा. त्यावर नायगाऱ्याचा धबधबा होता.

शिसं ओळखायची रीत साधी आहे आणि काकांना ती नीट माहीत होती, हे मान्य करायला हवं. लोहचुंबक जीआयला चटकन चिकटतो, शिशाला चिकटत नाही. तांब्यालाही चिकटत नाही, पण तांबं रंगाने आपली ओळख सांगतं. शिशाचा पाइप बाहेरून मळकट करडा दिसतो आणि नाण्याच्या कडेने हलकेच खरवडला की आत चांदीसारखी चकाकी दिसते. तो इतका मऊ असतो की नख रुतल्यासारखं वाटतं. त्याला आटे नसतात. तो सरळ रेषेत क्वचितच जातो, वाकत वाकत जातो, आणि जोडाच्या जागी अजगराने काही गिळल्यासारखा फुगवटा असतो. वाजवला तर जीआय टणकन वाजतो, शिसं थप्प करतं. खरवडायचं ते जेमतेम रेघेपुरतं, किसायचं नाही, कारण ती पूड पोटात गेली तर परीक्षाच अंगाशी येते. त्यानंतर हात धुवायचे. काका प्रत्येक पाइपानंतर धुवत होते, आमच्याच नळावर, त्यामुळे वेळ बराच गेला.

नायगारा आमच्या सगळ्या पाइपांना खटाखट चिकटला. मी निःश्वास सोडणार तोच मागच्या डक्टमधून काकांची आरोळी आली, “सापडलं!”

खरंच सापडलं होतं. संडासाचा जो बिडाचा जाड पाइप खाली जातो, त्याच्या जोडाच्या वाटीत करडी, मऊ, खरवडल्यावर चमकणारी धातू होती. मी मामांना फोन केला. ते आले, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “हे तर असतंच की. बिडाच्या पाइपाचे जोड शिसं वितळवून ओतूनच भरायचे. माझ्या वडिलांनी हजारो भरलेत. पण काका, हे सांडपाण्याचं आहे. हे पाणी कुणी पितं का?”

काकांचा चेहरा उतरला. एवढ्या मेहनतीने पकडलेला आरोपी निर्दोष निघाला होता. मग मामांनीच त्यांना थोडा धीर दिला. म्हणाले, शिसं आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. ब्रिटिशकालीन बंगल्यात, जुन्या वाड्यात रस्त्यावरच्या पाइपापासून घरापर्यंतचा तुकडा शिशाचा असू शकतो, तो जरूर बघावा. आणि जीआयचे आटे जोडताना पूर्वी सूत गुंडाळून वर सफेदा किंवा शेंदूर लावायचे. तो सफेदा शिशाचा असायचा, आणि शेंदूर तर शिशाचाच. ज्याला शंका असेल त्याने सकाळचं पहिलं पाणी, रात्रभर न वापरलेलं, प्रयोगशाळेत द्यावं. मिनिटभर नळ सोडून मग भरलेलं पाणी तपासायला देणं म्हणजे परीक्षेच्या आधी चोराला पळायला वेळ देणं.

मी दिलं. रिपोर्टमध्ये शिसं मर्यादेच्या आत होतं, लोखंड भरपूर होतं. काकांनी रिपोर्ट तीनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे तुमचा साधा गंजच आहे.” ‘साधा’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला आमच्या पाइपांची लाज वाटली.

तो साधा गंज मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो मामांनी स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा हातभर पाइप कापून काढला तेव्हा. अर्ध्या इंची पाइप. नवा असताना आत सोळा मिलिमीटर मोकळी जागा. आता त्यात पेन्सिलही जाईना. आतून चामखिळी उगवाव्यात तसे तपकिरी गोळे, एकावर एक, आणि मधून वाट काढत जाणारं एक वाकडं बीळ. पन्नास वर्षं आमचं पाणी या बिळातून सरपटत आलं होतं. आईने तो तुकडा हातात घेतला, डोळ्याला लावून पलीकडे बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “कल्हई गेली की हो याची.”

इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. जीआय म्हणजे पोलादी पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. जस्ताची कल्हईच ती. आणि जस्त मोठं स्वार्थत्यागी असतं. गंजायची पाळी आली की ते स्वतः पुढे होतं आणि लोखंडाला मागे ठेवतं. जस्त आहे तोवर लोखंड सुखरूप. पण ते झिजून संपलं की लोखंड उघडं पडतं. पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला बोलावून पुन्हा कल्हई करता येते. पाइपाच्या पोटात कल्हईवाला शिरत नाही.

आणि गंज जागा घेतो. लोखंड जेवढं झिजतं त्याच्या कित्येक पट फुगून त्याचा गंज होतो, म्हणून पाइप झिजून रुंद व्हायच्या ऐवजी आतून बुजत जातो. व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट निम्मी नाही, पाव होते, आणि खडबडीत भिंतींना घासत जाताना पाणी त्याहूनही कमी पोचतं. आमच्याकडे टाकीचा तळ नळापासून जेमतेम पाच मीटर वर. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला अर्धा किलो. एवढ्याशा जोरावर पाण्याने त्या बिळातून यायचं. तळमजल्यावरच्या काकांचे पाइप तितकेच म्हातारे, पण त्यांच्या डोक्यावर तीन मजले जास्त उंचीचं पाणी उभं. म्हणून त्यांना अमेरिकेची चिंता करायला वेळ होता.

गरम पाण्याची लाइन सर्वांत आधी का गेली याचंही उत्तर तिथेच होतं. उष्णतेने गंज वेगाने चढतो, आणि पाणी साठ अंशांच्या वर गेलं की जस्ताचा स्वार्थत्यागही डळमळतो. ते लोखंडाला वाचवण्याऐवजी त्यालाच पुढे ढकलू शकतं. आम्ही गिझर कायम शेवटच्या आकड्यावर ठेवायचो. त्याखेरीज जिथे जीआयला थेट पितळी व्हॉल्व्ह जोडलेला होता तिथे लोखंड जास्त खाल्लेलं होतं, कारण दोन वेगळ्या धातू पाण्यात शेजारी बसल्या की त्यातली एक दुसरीच्या जिवावर टिकते. बारीक गळती मात्र सगळ्यांत जास्त जोडांवर होती. आटे पाडताना पाइपाची भिंत कोरली जाते, म्हणजे तिथे ती आधीच निम्मी आणि जस्तही खरवडलेलं. भिंतीवर ओल आणि पोपडे दिसले तर त्यांच्यामागे बहुतेक वेळा एल्बो किंवा टी सापडते. आमच्या बैठकीतली ओल वीस वर्षं आम्ही कॅलेंडरखाली झाकत होतो. कॅलेंडर काढून बघितलं तर बरोबर मागे टी.

आता प्रश्न होता काय करायचं. आमच्याकडे मोफत सल्ल्याचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कायम जास्त असतो. सेक्रेटरी म्हणाले, “एवढं कशाला? प्रेशर पंप बसवा.” दुसऱ्या मजल्यावर एका बिऱ्हाडाने बसवला होता. पहिला आठवडा त्यांनी शॉवरचं कौतुक सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बेडरूमच्या भिंतीतून शॉवर सुरू झाला. जुना जीआय पुष्कळदा गंजावरच उभा असतो. भोकावर गंजाची खपली धरलेली असते म्हणून तो गळत नाही. खपलीमागचा दाब वाढवला की ती उडते. आत आम्ल घालून पाइप धुवायचा एक सल्लाही आला होता. त्याचंही उत्तर तेच. गंज निघेल, पण त्याच्यामागे पाइप शिल्लक असेलच असं नाही.

मी म्हणालो, “मामा, खराब तेवढाच तुकडा बदलू.” मामा म्हणाले, “कोणता खराब नाही ते दाखवा.” मग त्यांनी पान्याने एक जोड फिरवून दाखवला. जोड फिरला नाही, त्याच्या पलीकडचा कुरकुरला आणि भिंतीत कुठेतरी पाणी ठिबकायला लागलं. पन्नास वर्षांच्या पाइपाला एका टोकाला पिळा दिला की तो दुसऱ्या टोकाला मोडतो. एक तुकडा बदलायला घ्यावा तर पुढचा जोड जातो, तो बदलावा तर त्याच्या पुढचा. असं करत करत सहा महिन्यांत पूर्ण घराचे पाइप बदलतातच, फक्त भिंत सहा वेळा फोडून.

म्हणून ठरलं की घरातली सगळी लाइन एकदम बदलायची. मामांनी शब्दकोड्याच्या मागच्या बाजूला नकाशा काढला. गॅलरीतून प्रवेश, तिथे व्हॉल्व्ह, मग न्हाणीघर, संडास, बेसिन, स्वयंपाकघर. गार पाण्याची बावीस मीटर, गरम पाण्याची अकरा. त्यातून दोन शहाणपणाच्या गोष्टी निघाल्या. एक म्हणजे जुना पाइप भिंतीतून उपटायचा नाही. त्याला दोन्ही टोकांना बूच मारून तिथेच राहू द्यायचं आणि नवी लाइन दारांच्या वरून, छताजवळून नेऊन जिथे नळ आहे तिथेच खाली उतरवायची. खर्च पाइपाचा नसतो, फरशीचा असतो. आमच्या न्हाणीघरातल्या गुलाबाच्या फुलांच्या फरश्या आता कुठेही मिळत नाहीत. सौ. म्हणाली, मिळत नाहीत हे देवाचे उपकार आहेत, त्या काढाच. तर न्हाणीघरात झिऱ्या मारायच्या, बाकी घरात नाही, असा तह झाला.

दुसरी गोष्ट मापाची, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. सीपीव्हीसीचा पिवळट पाइप गंजत नाही, गरम पाणी सोसतो, म्हणून आम्ही तोच घेतला. पण त्याचा ‘अर्धा इंच’ आणि जीआयचा ‘अर्धा इंच’ हे नावाचेच सख्खे. जीआयचा अर्धा इंच आतून सोळा मिलिमीटर, सीपीव्हीसीचा जेमतेम साडेबारा-तेरा. नवा कोरा पाइप बसवून लोक जुन्यापेक्षा अरुंद वाट विकत घेतात. पंपाचा दाब असेल तर चालून जातं, पण आमच्यासारख्या अर्ध्या किलोवाल्यांनी मुख्य लाइन एक इंची, फांद्या पाऊण इंची आणि अर्धा इंच फक्त नळाच्या अगदी तोंडाशी, असं ठेवायचं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सौ.च्या भावाने, जो इलेक्ट्रिशियन आहे, एकच प्रश्न विचारला, “भावजी, तुमचं अर्थिंग कुठे आहे?” मला वाटलं हा वास्तुशास्त्राचा प्रश्न आहे. पण त्याने मीटरपेटी उघडून दाखवलं. तिथून निघालेली तांब्याची तार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याच्या पाइपाला पट्टीने आवळलेली होती. जुन्या घरांत ही रीत होती. पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीत जातो, मग वेगळं अर्थिंग कशाला? आता आम्ही त्या लोखंडाच्या जागी प्लास्टिक घालणार होतो. म्हणजे घराचं अर्थिंग कुणाला न सांगता नाहीसं होणार होतं, आणि मग एखाद्या दिवशी गिझर बिघडला की नळ झटका देणार. त्याने आधी खाली जमिनीत वेगळं अर्थिंग काढून दिलं, मगच मामांना करवत हातात घेऊ दिली. हा मेव्हणा माझ्या लग्नात रुसला होता. मी त्याला त्या दिवशी माफ केलं.

पहिला दिवस सगळा व्हॉल्व्हने खाल्ला. गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह बंद करायचा होता. तो १९७४ सालापासून उघडाच होता. बंद व्हायची वेळ आपल्यावर येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मामांनी चाक फिरवलं आणि चाक दांड्यासकट हातात आलं. टाकी रिकामी करावी लागली. सोळा बिऱ्हाडं दिवसभर बिनपाण्याची राहिली आणि माझं नाव जिन्यात वारंवार ऐकू येत होतं. तुम्ही काम काढणार असाल तर आठवडाभर आधी जाऊन तो व्हॉल्व्ह फिरवून बघा. आणि फिरला नाही तर तो बदलायचं बिल कोणाचं, यावर वाद घालू नका. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या पाण्याच्या लाइनी सोसायटीच्या खर्चात धरलेल्या आहेत. आमच्या चेअरमननी हे वाचून दाखवलं तेव्हा सेक्रेटरींनी ‘बाहेरच्या’ या शब्दाच्या अर्थावर तीन सभा घेतल्या.

पुढचे दोन दिवस पाइप जोडले. सीपीव्हीसीला आटे नाहीत. चिकटद्रव्य लावायचं, पाव वळसा देऊन आत सरकवायचं आणि क्षणभर धरून ठेवायचं, कारण तो हळूच परत बाहेर यायला बघतो. जिथे नळ लागणार तिथे पितळी आट्यांची जोडणी. गिझरच्या तोंडाला प्लास्टिक थेट न लावता धातूची लवचीक नळी. गरम पाण्याचा पाइप तापल्यावर लांबतो, मीटरमागे तीनेक मिलिमीटर, म्हणून त्याला क्लिपांमध्ये थोडी हालचाल करायला मोकळीक. चिकटद्रव्य वाळायला एक दिवस गेला. मग मामांनी हातपंप लावून लाइनमध्ये सात किलो दाब भरला. काटा सातवर थांबला आणि आम्ही चौघं दोन तास त्याच्याकडे बघत बसलो. क्रिकेटचा सामना इतक्या शांतपणे आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही. पावणेदोन तासांनी काटा सहाकडे झुकला. बेसिनमागच्या एका जोडाला थेंब आला होता. गुलाबांच्या जागी नव्या फरश्या बसल्यानंतर तो सापडला असता तर घरात काय झालं असतं हे मी लिहीत नाही. मामांनी तो जोड कापून नवा लावला, पुन्हा एक दिवस थांबले, पुन्हा दाब दिला. त्यानंतर मी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढला, कारण पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर तो पाइपात ठोकला जाऊ नये. मगच गवंड्याला बोलावलं.

शेवटी एकदाचं पाणी सोडलं. पहिल्यांदा सगळ्या नळांच्या जाळ्या काढून लाइन धुऊन घेतली, मग जाळ्या लावल्या. आईने न्हाणीघरात बादली ठेवली, सवयीने नळ पूर्ण सोडला आणि देवघरात जाऊन बसली. मी शब्दकोडं घेतलं. सौ. कणकेचं पीठ काढत होती.

आईचा विनियोग आटोपला, ध्यान सुरू होतंय तोच न्हाणीघरातून वेगळाच आवाज आला. आम्ही धावलो. बादली भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये आलं होतं आणि त्यात माझ्या चपला तरंगत होत्या. नंतर घड्याळ लावून बघितलं. एक मिनिट पंचावन्न सेकंद.

तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं वेळापत्रक कोलमडलंय. कणीक नळासमोर उभं राहून मळता येत नाही. शब्दकोडी अर्धवट राहतात. आई आधी रामरक्षा म्हणते आणि मग बादली लावते, आणि दर चार दिवसांनी म्हणते की जुन्या पाण्याला निदान देवाधर्माची चाड होती. ओट्याखालचा तो हातभर पाइप मी धुऊन, वाळवून शोकेसमध्ये ठेवलाय. पाहुणे विचारतात, काका मात्र विचारत नाहीत. मागच्या आठवड्यात ते वर आले, त्यांनी खिशातून नायगारा काढला आणि हळूच त्या तुकड्याला चिकटवून पाहिला.

“जीआयच आहे,” ते म्हणाले. थोडे निराशच होते.